हळू वाचणाऱ्या आजीसाठी वाढदिवसाची चिठ्ठी कशी लिहायची

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाढदिवसाला काय लिहून द्यावं हा प्रश्न आला की बहुतेक जण दुकानातलं तयार कार्ड घेतात, नाहीतर मोबाईलवर आलेला मजकूर उतरवतात. आजी ते हातात घेते, 'छान आहे हो' म्हणते आणि उशीखाली ठेवते. तिने ते वाचलेलं नसतं. अक्षर बारीक, वाक्य लांब आणि शब्द असे की घरात कुणी कधी बोलत नाही.

आमच्या घरी आता अशी चिठ्ठी दरवर्षी लिहिली जाते आणि नातेवाइकांतून 'आम्हालाही सांग' अशी मागणी येते, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे. उदाहरण आजीचं घेतलं आहे. चौथीपर्यंत शिकलेली, कोकणात राहणारी, वाचता येतं पण एकेक शब्द लावत वाचणारी. आजोबांसाठी लिहायचं असेल तरी पायऱ्या याच, फक्त 'तू'च्या जागी तुमच्या घरी जे चालतं ते घ्या. बऱ्याच घरांत आजीला अगंतुगं आणि आजोबांना अहोजाहो असतं. काही घरांत आजीलाही 'तुम्ही'च म्हणतात. जसं बोलता तसंच लिहा. एरवी 'तू' म्हणणाऱ्या नातवाने कागदावर 'आपण' लिहिलं की आजीला वाटतं हे दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिलंय.

काय काय लागेल

- जाड पांढरा किंवा फिकट साय रंगाचा कागद, चकचकीत नसलेला
- काळं जेल पेन किंवा बारीक टोकाचा काळा मार्कर
- हाताने लिहिणार असाल तर खाली ठेवायला दुरेघी वहीचं पान
- छापणार असाल तर साधा, ठसठशीत देवनागरी फॉन्ट
- आजीचा सध्याचा वाचायचा चष्मा, म्हणजे तो कुठे आहे याची खात्री
- जन्मतारखेबद्दल घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाशी पाच मिनिटं बोलणं

१. आधी तारीख आणि आकडा पक्का करा

हे सोपं वाटतं, पण इथेच घोटाळे होतात. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आधार कार्डावरही मग तीच तारीख येते. आजी स्वतः मात्र तिथी धरून चालते. 'मी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची' असं ती सांगत असेल, तर चिठ्ठी त्या दिवशी हातात पडायला हवी. १ जूनला दिलेली चिठ्ठी तिला बँकेतून आल्यासारखी वाटेल.

दुसरा घोटाळा आकड्याचा. आपण पूर्ण झालेली वर्षं मोजतो, जुनी माणसं पुष्कळदा चालू वर्ष मोजतात. 'मला एक्याऐंशीवं लागलं' म्हणजे ऐंशी पूर्ण झाली. चिठ्ठीत '८१ वर्षं झाली' लिहायचं की '८१वं लागलं' हे आधी विचारून घ्या. एकाऐवजी दुसरं लिहिलं तर आजी पुढचा मजकूर सोडून तिथेच हिशेब करत बसेल.

एक्याऐंशीच्या आसपासच सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला जातो. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात, त्यामुळे हजार पौर्णिमा व्हायला जवळपास ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. घरात तो बेत असेल तर चिठ्ठीत 'तू हजार चंद्र पाहिलेस' एवढंच लिहा. आख्खं 'सहस्रचंद्रदर्शन' लिहून तिला कसरत करायला लावू नका. तो शब्द पत्रिकेवर असतोच.

२. आजी हळू का वाचते ते पाहा

हळू वाचण्याचं कारण डोळ्यांत असतं किंवा सवयीत असतं. कधी दोन्हीत असतं. उपाय वेगवेगळे आहेत म्हणून हे आधी कळायला हवं.

वर्तमानपत्राचे मथळे ती सहज वाचते, पण खालचा मजकूर सोडून देते असं असेल तर अडचण बरीचशी अक्षराच्या आकाराची आहे. मोठ्या अक्षरातलंही ती ओठ हलवत, बोट फिरवत वाचत असेल तर वाक्यं छोटी आणि शब्द ओळखीचे हवेत. मोतीबिंदू वाढत असेल तर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा-जांभळा रंग मळकट दिसतो आणि उजेडाची तिरीप त्रास देते. शस्त्रक्रिया झाली असली तरी जवळचं वाचायला बऱ्याच जणांना चष्मा लागतोच.

इथे एक फसगत होते. आजी रोज पोथी वाचते, तीही घडाघडा, मग तिला वाचायला काय अडचण असं आपण धरून चालतो. पण पोथी तिला पाठ असते. डोळे ओळीवरून फिरतात आणि शब्द तोंडातून आपोआप येतात. नवा मजकूर ती कसा वाचते हे बघायचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचं काहीतरी वाचायला द्या. 'बघ गं, हे काय लिहिलंय, मला चष्म्याशिवाय दिसत नाही' एवढं निमित्त पुरतं. परीक्षा घेतो आहोत असं अजिबात वाटू देऊ नका.

त्याच वेळी अक्षराचा आकारही ठरवून टाका. एका कागदावर एकच वाक्य चार आकारांत छापा, १६, २०, २४ आणि २८. वाक्य साधं असू दे, 'आज बाजारात चांगले आंबे आले' वगैरे. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या उजेडात तिला ते वाचू द्या. ज्या ओळीवर ती कागद पुढे-मागे करायचं थांबवते तो तिचा आकार. आमच्याकडे २४ ठरला.

इंग्रजी मजकुराच्या अंदाजाने १४ किंवा १६ ठेवाल तर देवनागरीत ते बारीकच पडतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे त्याच आकड्यात मधलं मुख्य अक्षर लहान होतं.

३. काय सांगायचं ते तीन गोष्टींत बसवा

एक जुनी आठवण, एक आजची गोष्ट आणि एक पुढची. यापेक्षा जास्त घालू नका. हळू वाचणाऱ्या माणसाला चौथ्या मुद्द्यापर्यंत येईस्तोवर पहिला विसरायला होतो आणि मग वाचून झाल्यावर हातात काहीच राहत नाही.

आठवण अशी निवडा की जी नुसत्या एका वस्तूच्या नावाने उभी राहते. 'तुझं प्रेम' हे कागदावर दिसत नाही, 'चुलीवरचं घावन' दिसतं. शब्द ओळखीचा असला की पहिल्या दोन अक्षरांवरूनच आजी तो पुरा करते. म्हणून तिच्या घरातले, तिच्या गावातले शब्द वापरा. ती पडवी म्हणत असेल तर तुम्ही व्हरांडा लिहू नका.

पुढची गोष्ट म्हणजे तुम्ही कधी येणार, फोन कधी करणार असं काहीतरी. ते पक्कं असेल तरच लिहा. ही चिठ्ठी ती वीस वेळा वाचणार आहे आणि शेजारणीलाही दाखवणार आहे. 'दिवाळीत येतो' लिहिलंत की तुम्ही दिवाळीत गेलंच पाहिजे.

आणखी एक रीतीची गोष्ट. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांना आशीर्वाद द्यायचा नसतो. 'शतायुषी व्हा', 'सुखी राहा' असं नातवाने आजीला लिहिलेलं काही जणींना खटकतं. ऐंशीपुढच्या माणसाला शंभरचा आकडा दाखवावा का, हेही ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर नको. नातवाने नमस्कार करावा, एवढं पुरे.

४. मजकूर लिहा, मग तो सोडवा

पहिला मसुदा कसाही येऊ द्या. तो साधारण असा येतो:

> प्रिय आजी, तुझ्या ८१व्या वाढदिवसानिमित्त तुला मनःपूर्वक हार्दिक शुभेच्छा! लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडे आल्यावर तू पहाटे उठून आमच्यासाठी जे गरमागरम घावन करायचीस त्याची चव आजही जिभेवर रेंगाळते आणि तुझ्या प्रेमळ सहवासात घालवलेल्या त्या क्षणांची आठवण मनाला स्पर्शून जाते. तुला उत्तम आरोग्य लाभो हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

यात वाईट काही नाही, पण आजीच्या बाजूने बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'लहानपणी'पासून निघालेली आजी 'रेंगाळते'पर्यंत पोचेपर्यंत नेमकं काय चाललंय ते तिला कळत नाही. तोवरचे सगळे शब्द तिने डोक्यात धरून ठेवायचे आणि तेवढ्यात 'आणि' येऊन पुढचं अर्धं वाक्य सुरू. म्हणून वाक्य चार-पाच शब्दांचं हवं, की क्रियापद लगेच हाती लागेल.

मग जोडाक्षरं. 'मनःपूर्वक', 'हार्दिक', 'शुभेच्छा', 'स्पर्शून', 'ईश्वर', 'प्रार्थना'. विसर्ग, रफार, च्छ, स्प, श्व एकापाठोपाठ एक. अक्षर लावत वाचणारा माणूस प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबतो. गंमत म्हणजे हे सगळे शब्द काढले तरी मजकुरातलं काहीच कमी होत नाही. आणि 'मनःपूर्वक हार्दिक' म्हणजे मनापासून मनापासून, ते तसंही नको.

सगळी जोडाक्षरं मात्र गाळायच्या मागे लागू नका. तसं केलं तर 'तुझ्या' आणि 'माझ्या'सुद्धा लिहिता येणार नाही. जे शब्द तिने आयुष्यभर पाहिलेत ते ती अक्षरं न लावता, चित्रासारखे ओळखते. 'श्री', 'नमस्कार', तिच्या गावाचं नाव, देवाचं नाव. जुन्या पत्रांची सवय असलेल्या आजीला 'ती. आजीस सा. न.', म्हणजे तीर्थस्वरूप आजीस साष्टांग नमस्कार, ही सुरुवातसुद्धा एका नजरेत कळते, आणि आवडते. आपल्याला ते अवघड वाटतं, तिला 'हार्दिक शुभेच्छा'पेक्षा सोपं जातं. शब्द अवघड की सोपा हे त्याच्या लांबीवर ठरवू नका, तिच्या ओळखीवर ठरवा.

लिहायचं बोलतो तसं. 'झाले, केले, मिळाले' यापेक्षा 'झालं, केलं, मिळालं'. ती वाचताना मनात आवाज करते आणि तो आवाज कानाला ओळखीचा लागला की शब्द कळतो. घरात मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर तसंच लिहायला हरकत नाही, फक्त लिहिलेलं एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आता तोच मजकूर सोडवल्यावर:

> ॥ श्री ॥
>
> आजी,
> मी पिंटू.
> तुला नमस्कार.
>
> आज तुझा वाढदिवस.
> तुला ८१ वर्षं झाली.
>
> तू पहाटे घावन करायचीस.
> मी चुलीजवळ बसायचो.
> पहिलं घावन मलाच मिळायचं.
>
> मी दिवाळीत घरी येतो.
> तेव्हा घावन मी करणार.
> तू नुसती बघ.
>
> तुझा नातू
> पिंटू

नाव दोनदा आलं आहे, ते मुद्दाम. कागद हातात घेतल्यावर पहिला प्रश्न 'कुणाचं गं हे?' हाच असतो. त्याचं उत्तर शेवटी ठेवलं तर ती आधी खाली बघते आणि मग वर येते. घरातलं नाव लिहा. शाळेच्या दाखल्यावरचं नाव वाचून ती क्षणभर थबकेल.

'तू नुसती बघ' या जागी आधी 'तू फक्त बघ' होतं. अर्थ तोच, पण एक जोडाक्षर कमी झालं आणि वाक्य जास्त घरचं झालं. असे बदल शेवटच्या फेरीत सुचतात, म्हणून मसुदा लिहून एक रात्र तसाच ठेवा.

५. ओळ कुठे तोडायची

एका ओळीत एक वाक्य बसलं तर प्रश्नच मिटला. बसत नसेल तर वाक्य लहान करा, ओळ मोठी करू नका. तरीही तोडायची वेळ आलीच तर दोन ठिकाणी जपा.

आकडा आणि त्याचा शब्द वेगळे करू नका. ओळीच्या शेवटी '८१' आणि पुढच्या ओळीवर 'वर्षं' असं झालं की ती ८१ काय ते शोधत राहते.

दुसरं, नकार. मराठीत 'नाही' शेवटी येतं. 'मी गणपतीला येणार' इथे ओळ संपली आणि 'नाही, दिवाळीत येतो' खालच्या ओळीवर गेलं, तर आजीच्या मनात तुम्ही गणपतीला आलेले असता. हळू वाचणाऱ्याला त्या दोन ओळींमध्ये भरपूर वेळ मिळतो. नकाराचं वाक्यच टाळा. काय होणार तेवढं लिहा.

ओळी डावीकडून सुरू करा. कार्डावर सगळं मधोमध लिहिलेलं देखणं दिसतं, पण प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि बोट फिरवत वाचणाऱ्याला पुढची ओळ दर वेळी शोधावी लागते. दोन-तीन ओळींनंतर एक मोकळी ओळ सोडा. तिथे ती दम घेते, चष्मा सारखा करते, तुमच्याकडे बघते.

६. हाताने लिहिणार असाल तर

माझं मत हाताने लिहा, अक्षर बरं असेल तर. आजीला नातवाचं अक्षर हवं असतं. पण आपली लिहायची सवय आता गेलेली आहे, त्यामुळे काही जागी सावध राहा.

सगळ्यात महत्त्वाची शिरोरेषा. घाईत आपण ती देतच नाही, किंवा सगळ्या ओळीवर एकच लांब रेघ ओढतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक शिरोरेषेनेच कळतो. 'घ'ची रेघ सलग, 'ध'ची डावीकडे तुटलेली. रेघ दिली नाही तर 'घर' आणि 'धर' सारखेच दिसतात. आपण अंदाजाने वाचून नेतो, ती नेत नाही, ती थांबते. प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ द्या आणि दोन शब्दांत बोटभर अंतर सोडा.

'ख' लिहिताना खालची गाठ जोडा, नाहीतर 'रव' वाचलं जातं. 'ब'च्या पोटातली रेघ ठळक काढा, नाहीतर 'व' होतो. अनुस्वाराचा ठिपका टोकाने टेकवून सोडू नका, गोल भरा. 'झाल' आणि 'झालं' यांत तो एक ठिपकाच असतो. आकडे देवनागरीत लिहा, पण १ आणि ९ नीट वेगळे दिसू द्या.

'ल' आणि 'श' तिच्या शाळेतले काढा, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र सरकारने २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच रूपं धरली आहेत. कितीतरी फॉन्टमध्ये आणि मोबाईलवर हिंदी वळणाची रूपं दिसतात आणि आपल्या डोळ्यांना आता त्यांची सवय झाली आहे. आजीच्या डोळ्यांना झाली असेलच असं नाही.

दुरेघी वहीचं पान कागदाखाली ठेवून वरून रेघा दिसतात का बघा. जाड कागदातून दिसत नसतील तर पेन्सिलीने फिकट रेघा मारून नंतर खोडा. काळ्या शाईनेच लिहा. गुलाबी कागदावर सोनेरी पेन लग्नपत्रिकेला ठीक.

७. छापणार असाल तर

ए-४ कागद मधोमध दुमडला की चांगलं कार्ड होतं. आतल्या उजव्या पानावरच मजकूर घ्या, डावं पान कोरं ठेवा किंवा तिथे एक फोटो लावा. मजकुराच्या मागे फोटो किंवा फुलांची नक्षी अजिबात नको.

फॉन्ट सरळ, सारख्या जाडीच्या रेघांचा घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्त हा फॉन्ट फुकट मिळतो आणि या कामाला चांगला आहे. संगणकावर त्याचं नाव Mukta असं दिसतं. Noto Sans Devanagari हाही चालतो. वळणदार, कुंचल्याने काढल्यासारखे सुलेखनाचे फॉन्ट टाळा. फारच हौस असेल तर वरचं '॥ श्री ॥' तेवढं त्यात घ्या.

आकार मघाशी ठरवलेला. २४ आकारात अर्ध्या ए-४च्या रुंदीत साधारण चार-पाच शब्द बसतात, म्हणजे आपलं एक वाक्य. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकली की दोन्ही ओळी बिघडतात. छापून आल्यावर वेलांट्या आणि रफार जागेवर आहेत ना ते पाहा. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर तोच फॉन्ट नसला तर दुसराच लागतो आणि अक्षरं विस्कटतात. घरूनच पीडीएफ करून न्या.

८. मोबाईलवरच पाठवायचं असेल तर

परदेशात असलेल्यांना बहुतेक वेळा हाच मार्ग असतो. इथे एक वेगळी अडचण आहे. आजीच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं असतं, त्यामुळे तुमच्या फोनवर एका ओळीत दिसणारं वाक्य तिच्याकडे दोन ओळींत जातं. तुम्ही प्रत्येक ओळीनंतर एंटर मारलं असेल तर तिच्याकडे एक लांब ओळ, एक तुकडा, पुन्हा लांब ओळ असं वेडंवाकडं दिसतं. म्हणून तीन-चार शब्दांचीच वाक्यं घ्या, आणि दर दोन वाक्यांनंतर एक मोकळी ओळ सोडा. घरातल्या कुणाला तरी तिच्या फोनच्या पडद्याचा एक फोटो काढून पाठवायला सांगितलं की सगळं कळतं.

मजकुराचं चित्र करून पाठवू नका. ते वाचायला दोन बोटांनी मोठं करावं लागतं, मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि मग ती ओळ इकडून तिकडे सरकवत बसते. शब्दांच्या मध्ये केक-फुगेही नकोत. टाकायचेच तर सगळ्यात शेवटी.

आवाजी निरोप पाठवणार असाल तर तो लिहिलेल्याच्या नंतर पाठवा, तासाभराने. आधी पाठवलात तर ती ऐकेल आणि वाचायचं राहील. हवं तर तोच मजकूर वाचून दाखवा, म्हणजे अडलेला एखादा शब्द तिला आपोआप लागेल.

९. देण्याआधी तपासा

एखाद्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या. मूल जिथे अडेल तिथे आजीही अडेलच असं नाही, कारण 'चुलीजवळ' त्याला नवं असेल आणि तिला रोजचं. पण मूल जोडाक्षरावर किंवा अस्पष्ट अक्षरावर अडलं, तर ती जागा दुरुस्त करा.

मग कागद हातभर लांब धरून स्वतः वाचा, चष्मा काढून. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात एकदा बघा. कागद चमकतो की नाही ते तेव्हाच कळतं.

१०. केव्हा आणि कशी द्यायची

औक्षण चालू असताना देऊ नका. ओवाळणं, नमस्कार, फोटो, फोन, सगळा गोंधळ असतो. कुणीतरी 'आण, मी वाचून दाखवते' म्हणून ती चिठ्ठी हातातून घेतं आणि मोठ्याने वाचून टाकतं. मग तिने वाचायचं राहतंच. दुपारचा चहा झाल्यावर, खिडकीजवळ बसलेली असताना, चष्म्यासकट द्या.

ती वाचत असताना गप्प बसा. एखाद्या शब्दावर बोट थांबलं तर लगेच सांगू नका, बराचसा वेळ तो शब्द तिचा तिला लागतो. तिने तुमच्याकडे पाहिलं, तर तेवढा एकच शब्द सांगा. ती मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचायला लागली तर दोन कारणं असू शकतात. कपाळाला आठी असेल तर ओळ कळली नाही, पुढच्या वर्षी ती सुधारा. हसत असेल तर आवडली, मग काही करायचं नाही.

चार आकारांचा तो नमुन्याचा कागद टाकून देऊ नका. ज्या आकाराला ती थांबली तो त्याच्यावर लिहून ठेवा. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, गॅसवाल्याचा नंबर हे सगळं तिला त्याच आकारात, त्याच काळ्या शाईत लिहून फ्रिजवर लावता येतं. आणि दर वर्षी, नाहीतर चष्म्याचा नंबर बदलला की, तो आकार पुन्हा एकदा तपासा.